हातगाडीवरच्या रसवंतीसाठी फट, गिअर आणि मोटार

हातगाडीवर उसाच्या रसाचं लहान तीन रोलरचं यंत्र गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवून घ्यायचं आहे. एक जण म्हणतो अर्धा एचपी पुरे, दुसरा म्हणतो दोन एचपीशिवाय ऊस ओढणारच नाही. रोलरमधली फट किती ठेवू, गिअर किती पटीचा घेऊ आणि मोटार किती एचपीची? सिंगल फेज लाईन आहे, वायर पंचवीस-तीस मीटर लांबून आणावी लागेल.

एचपीवरून सुरुवात केली की हा वाद कधीच मिटत नाही. क्रम उलटा घ्या. ऊस किती आणि घडी किती यावरून फट ठरते. फटीवरून रोलर फिरवायला लागणारी ताकद ठरते, त्यावरून गिअर, आणि मोटार सगळ्यात शेवटी. पुढचा हिशोब 104 मिमी व्यासाच्या आणि 150 मिमी लांबीच्या रोलरचा आहे. हातगाडीला हे माप सोयीचं पडतं आणि लेथवर सहज निघतं. रचना नेहमीचीच: वर एक रोलर, खाली दोन. खालचा पुढचा ऊस आत घेतो, खालचा मागचा शेवटचा दाब देतो. मोटारीची ताकद वरच्या रोलरला येते आणि तो दातांच्या चाकांनी खालच्या दोघांना फिरवतो.

फट म्हणजे चोथ्याला दिलेली जागा

को 86032 चा 30 मिमी जाड ऊस घ्या. आडवा कापला तर त्याचं क्षेत्रफळ साधारण 700 चौरस मिमी भरतं. उसात वजनाने 13 टक्क्यांच्या आसपास तंतू असतात. तंतू रसापेक्षा जड असल्याने जागा त्याहून कमी व्यापतात. सगळी हवा आणि सगळा रस काढून टाकला तर या 700 मधले सुमारे 65 चौरस मिमी फक्त तंतूचे उरतात. हे 65 काही केल्या दबत नाहीत. बाकीचा हिशोब या आकड्यावर उभा आहे.

रोलरखाली असा ऊस चपटा होऊन 80 मिमीच्या आसपास पसरतो. मागची फट 2 मिमी असेल तर चोथ्याला बाहेर पडायला 80 गुणिले 2, म्हणजे 160 चौरस मिमी जागा मिळते. त्यातले 65 तंतूंनी व्यापले की उरलेल्या 95 मध्ये रस चोथ्याबरोबर निघून जातो. एकेरी उसाला 2 मिमी फट सैल पडते ती अशी. आता तोच ऊस मधोमध दुमडून घातला तर तंतू होतात 130 आणि जागा तीच 160. दाब भरपूर बसतो आणि चिपाड जवळजवळ कोरडं निघतं.

आता फट 1 मिमी केली तर काय होतं पाहा. जागा राहते फक्त 80. एकेरी उसाचे 65 तंतू त्यातून कसेबसे जातात, म्हणजे 2 मिमी फटीत दुहेरी घडी घातल्याइतकाच दाब पहिल्याच फेरीत मिळतो. पण सवयीने तुम्ही दुसऱ्या फेरीला घडी घातली की 130 तंतू 80 च्या जागेत कोंबायचे म्हणता, आणि ते होत नाही. मग तीनपैकी एक काहीतरी घडतं: रोलर उसावर घसरतो, बेल्ट जळका वास सोडतो, नाहीतर दात तुटतो. लोखंड थोडं वाकून एखादी जागा करून देतं म्हणून काही यंत्रं यातूनही दिवस काढतात, पण तो खर्च बुश आणि बेअरिंगच्या खात्यावर पडत असतो.

त्यामुळे आधी तुमची घडी ठरवा. हातगाडीवरची सोयीची पद्धत म्हणजे पहिली फेरी एकेरी, दुसरी मधोमध दुमडून, तिसरी त्याच दुहेरी चिपाडात आलं-लिंबू घालून. या पद्धतीला मागची फट 2 मिमी ठेवा. तिहेरी घडी घालायची सवय असेल तर 3 मिमी ठेवा आणि पहिल्या फेरीत रस कमी आला तर घाबरू नका, तो पुढच्या फेरीत येतो. फट 3 मिमीपर्यंत वाढवता आणि 1 मिमीपर्यंत कमी करता यावी एवढी सोय बेअरिंगच्या ठोकळ्याला बोल्ट देऊन करून घ्या. 1 मिमी फट बारीक, वाळकट उसासाठी, पुंड्यासारख्या जाड रसाळ उसासाठी नव्हे.

फट बरोबर आहे की नाही हे फिलर गेजपेक्षा मूठ लवकर सांगते. तिसऱ्या फेरीनंतरचं चिपाड मुठीत जोरात पिळा. थेंब पडले तर फट मोठी आहे. हाताला ओल लागली पण थेंब नाही, तर बरोबर. चिपाड तुकडे होऊन भुग्यासारखं पडत असेल, गाळणीवर बारीक कूस साठत असेल आणि रसाला सालीचा हिरवट तुरटपणा येत असेल तर फट गरजेपेक्षा लहान आहे. चिपाड एका बाजूला ओलं आणि दुसऱ्या बाजूला कोरडं निघालं, किंवा वाकून एकीकडे सरकू लागलं, तर रोलर समांतर नाहीत. दोन्ही टोकांच्या फटीत 0.2 मिमीपेक्षा जास्त फरक ठेवू नका. हे मोजायला फिलर गेजच लागतो.

1 किलो सोललेल्या चांगल्या उसातून अर्धा लिटरच्या थोडं वर रस मिळाला की हे यंत्र आपलं काम करतंय असं समजा. त्यापुढचे पन्नास-साठ मिली काढण्याच्या नादात दर आठवड्याला दात बदलण्यात अर्थ नाही.

पुढची फट, आणि रोलर ऊस का धरत नाही

पुढची फट वेगळ्या कारणाने ठरते. तिथे प्रश्न दाबाचा नाही, पकडीचा आहे. 30 मिमी ऊस 6 मिमी फटीत शिरायचा तर रोलरने त्याला बऱ्यापैकी उभ्या उतारावर पकडायला हवं. या व्यासाला तो कोन सुमारे 40 अंश येतो. गुळगुळीत, रसाने ओला स्टीलचा रोलर 20 अंशांच्या आसपासच पकड देतो. म्हणजे निव्वळ पॉलिश केलेले रोलर 12 मिमीचा ऊस आपणहून ओढतील. त्यापेक्षा जाड ऊस हाताने रेटावा लागेल. हात रोलरजवळ जायला सुरुवात होते ती इथूनच.

उपाय म्हणजे वरच्या आणि पुढच्या रोलरवर लांबीच्या दिशेने खाचा. 3 मिमी खोल, दोन खाचांत 10 ते 12 मिमी अंतर, कडा किंचित मारलेल्या. कडा धारदार ठेवल्या तर ऊस तुटतो आणि कूस रसात येते. मागच्या रोलरवर बारीक, उथळ खाचा पुरतात. उसाचा शेंडा तिरका कापून घातला तरी पकड लगेच सुधारते, ही फुकटातली युक्ती आहे. खाचांमध्ये कूस घट्ट बसून रोलर पुन्हा गुळगुळीत होतो, म्हणून रोज रात्री ताठ ब्रशने त्या साफ कराव्या लागतात. कालपर्यंत ओढणारं यंत्र आज अचानक ओढेना झालं की फट बदलण्याआधी खाचा बघा.

पुढची फट 6 मिमी ठेवा आणि खालच्या दोन रोलरमधली वाकडी पट्टी वरच्या रोलरपासून 10 ते 12 मिमी खाली बसवा. पुढच्या फटीतून सुटलेला चोथा फुगतो, त्याला जागा लागते. पट्टी जास्त वर बसवली तर यंत्र रिकामं हलकं फिरतं आणि ऊस घातला की जड होतं. मग दोष मोटारीवर ढकलला जातो.

आता एक भानगड. तीन रोलर एकमेकांना दातांच्या चाकांनी जोडलेले असतात, आणि फट बदलली की त्या चाकांमधलं अंतरही बदलतं. समजा चाकं मॉड्यूल 7, म्हणजे व्यास भागिले दात 7 येईल अशी, आणि 15 दातांची कापली; त्यांचं बरोबर अंतर 105 मिमी. मागच्या बाजूला 104 मिमीचे दोन रोलर आणि 2 मिमी फट धरली तर अंतर 106 येतं, ठीक. पुढच्या बाजूला तसेच रोलर आणि 6 मिमी फट धरली तर अंतर 110 होतं. साधे दात तिथे नीट गुंतत नाहीत. एक दात सुटतो आणि दुसरा लागायच्या आधी क्षणभर मोकळं राहतं, त्यामुळे प्रत्येक दाताला खट असा आवाज येतो आणि दातांची टोकं झिजत जातात. मोठ्या चरकांत यासाठी लांब दातांची खास चाकं ओततात. लहान वर्कशॉपला ते परवडत नाही. सोपा तोडगा म्हणजे पुढचा रोलर 4 मिमी लहान, म्हणजे 100 मिमी करायचा. मग अंतर 108 वर येतं आणि दात सलग गुंतलेले राहतात. पुढच्या रोलरचा पृष्ठभाग वरच्यापेक्षा 4 टक्के हळू फिरतो, पण खाचा असल्याने त्याने काही बिघडत नाही. अट एकच: पुढची फट 6 च्या वर उघडायची नाही. ऊस जाड आला तर उभा चिरून घाला.

ताकद अंदाजाने नको, काट्याने मोजा

फट लावून झाली की मोटार विकत घेण्याआधी यंत्र हाताने फिरवून बघता येतं, आणि बघावंच. वरच्या रोलरच्या शाफ्टच्या टोकाला 1 मीटर लांबीचा पाइप काटकोनात पक्का बसवा. पाइपच्या टोकाला लटकता वजनकाटा अडकवा. भाजीवाल्याकडचा 50 किलोचा चालतो. दोन रोलरमध्ये ऊस द्या आणि काटा पाइपशी काटकोनात ठेवून सावकाश ओढा. रोलर फिरत असताना काट्यावर दिसणारे किलो लिहून घ्या. बेल्ट काढलेला असू द्या. वर्म गिअरबॉक्स असेल तर तोही सुटा करा, कारण तो उलट बाजूने फिरत नाही.

समजा काट्यावर रिकामं 3 किलो, एकेरी उसाला 17, दुहेरी घडीला 28 आणि घडीत कांड्याच्या गाठी एकावर एक आल्या तेव्हा क्षणभर 34 किलो दिसले. दुहेरीचा आकडा कामाचा, गाठीचा आकडा कसोटीचा. 28 किलो म्हणजे 1 मीटरवर 275 न्यूटन-मीटर, 34 किलो म्हणजे 334.

गाठीला आकडा 50 च्या वर जात असेल तर पुढे जाऊ नका. फट, मधली पट्टी नाहीतर बुश, यांपैकी कुठेतरी गडबड आहे. रिकामं 6-7 किलो लागत असेल तर रोलरची बुश आवळून बसली आहेत किंवा दात तळाला घासत आहेत. ती चूक एचपी वाढवून झाकू नये.

वेग आणि गिअर

रोलर मिनिटाला 14 फेरे फिरू द्या. 104 मिमी रोलरला त्यात ऊस सेकंदाला साडेसात सेंटिमीटर सरकतो. सव्वा मीटरची कांडी एका फेरीत सोळा-सतरा सेकंदांत जाते आणि तीन फेऱ्या, घडी, आलं-लिंबू धरून मिनिटाला दोन ते अडीच ग्लास निघतात. हातगाडीवर एकटा माणूस ऊस सोलणार, रस गाळणार आणि पैसेही घेणार, तर यापेक्षा जास्त वेगाचा उपयोग नाही.

वेग दुप्पट केला तर त्याच घडीला मोटारही दुप्पट लागते. शिवाय पिळलेल्या रसाला खाली ओघळायला वेळ मिळत नाही, चोथा तो पुन्हा शोषून घेतो आणि फेस वाढतो. बोटाला मागे यायला मिळणारा वेळ निम्मा होतो, तो वेगळाच.

साधी चार पोलची मोटार भार असताना 1425 च्या आसपास फिरते. 1425 भागिले 14 म्हणजे सुमारे 100 पट गिअर हवा. हे तीन टप्प्यांत करा. पहिला टप्पा व्ही-बेल्ट: मोटारीवर 75 मिमीची पुली, समोर 300 मिमीची, म्हणजे 4 पट. ए सेक्शनचा एकच बेल्ट या पुलीवर काठावर पडतो आणि रस-पाणी उडालं की घसरून चकचकीत होतो, म्हणून दोन खाचांची पुली घ्या. 75 मिमीपेक्षा लहान पुली लावून गिअर वाचवायला जाऊ नका, बेल्ट वाकून वाकून फुटतो. पुढचे दोन टप्पे दातांचे, प्रत्येकी 15 आणि 75 दात, म्हणजे 5 आणि 5. एकूण 4 × 5 × 5 = 100.

पहिल्या दातांच्या जोडीला मॉड्यूल 3 पुरतो, कारण तिथे ताकद अजून कमी आहे. शेवटच्या जोडीला मॉड्यूल 4 आणि दाताची रुंदी 40 मिमी घ्या. शेवटचं मोठं चाक 300 मिमीचं होतं आणि दुहेरी घडीला त्याच्या दातावर सुमारे 185 किलोचा जोर येतो. हे कमी वाटेल, पण यंत्र अडकल्यावर काय होतं ते पुढे बघू. लहान पिनियन ईएन-8 स्टीलचं, मोठं चाक बिडाचं चालतं. वरच्या रोलरचा शाफ्ट चावीच्या खाचेजवळ 40 मिमीपेक्षा बारीक नको.

गिअर उघडा असेल तर त्याला पत्र्याचं पूर्ण झाकण हवं. बोटासाठी हवंच, आणि ग्रीस रसाच्या ताटात उडू नये म्हणूनही. रोलरच्या बुशपाशी खाण्याच्या यंत्रांसाठी मिळतं तेच ग्रीस वापरा आणि रोलर व बुश यांच्या मध्ये शाफ्टवर एक रबरी चकती बसवा, म्हणजे ग्रीस रसाकडे आणि रस बुशकडे जात नाही.

तयार वर्म गिअरबॉक्स बसवायचा मोह होतो, कारण जागा कमी लागते आणि आवाज नसतो. चालतो, पण त्याची किंमत विजेत मोजावी लागते. 40 पटीचा वर्म अंगात आलेल्या ताकदीपैकी तिसरा हिस्सा उष्णतेत घालवतो. उघड्या दातांच्या दोन टप्प्यांत आणि बेल्टमध्ये मिळून सोळा टक्क्यांच्या आसपास जातात. वर्म घेतलाच तर बेल्ट अडीच पटीचा ठेवा आणि गिअरबॉक्स त्यावर लिहिलेल्या एचपीवरून निवडू नका. तो आकडा आतला शाफ्ट 1440 ने फिरत असतानाचा असतो. इथे तो 570 ने फिरणार, म्हणजे तोच डबा कमी एचपी झेलणार. दुकानदाराला बाहेरच्या शाफ्टची ताकद विचारा: 14 फेऱ्यांना किमान 400 न्यूटन-मीटर. त्याखालचा डबा एका उन्हाळ्यात आतलं पितळी चाक खाऊन टाकतो, आणि खाली तेलात पिवळी चमक दिसू लागली की तो खातोय हे कळतं.

आता मोटार

275 न्यूटन-मीटर, 14 फेरे. हिशोब असा:

```
P = 2 × 3.14 × 14 × 275 / 60 = 403 W
403 / 0.84 = 480 W = 0.64 hp
```

0.84 म्हणजे बेल्ट आणि दातांतून टिकून राहिलेला भाग. म्हणून अर्धा एचपी (373 वॉट) दुहेरी घडीला कमी पडतो. एकेरी उसावर तो छान चालतो, आणि चाचणी नेहमी एकेरी उसावरच दाखवली जाते. 1 एचपी मोटार या कामावर चौसष्ट टक्के भरते. तिची नेहमीची ताकद 5 न्यूटन-मीटर. 100 पट आणि 0.84 धरून रोलरवर 420 मिळतात. गाठीला लागणारे 334 त्यात बसतात. वर्म असेल तर 403 भागिले 0.62, म्हणजे 650 वॉट. तिथे 1 एचपी गाठीला मागे पडते, 1.5 घ्या.

मग 2 एचपी का नको? अडकल्यावर मोटार आपल्या नेहमीच्या ताकदीच्या दुप्पट जोर क्षणभर देते आणि मग थांबते. 1 एचपीचा हा जोर शेवटच्या 300 मिमी चाकाच्या दातावर साडेपाचशे-पावणेसहाशे किलोचा पडतो. वर दिलेल्या मापाचा दात तो जेमतेम झेलतो. 2 एचपी असेल तर तोच जोर अकराशेच्या पुढे जातो. बेल्टही तुम्ही 2 एचपीच्या हिशोबाने ताणलेला असतो, त्यामुळे तो घसरत नाही. मग दात जातो, नाहीतर चावी कापली जाते. मोठी मोटार घ्यायची तर गिअर, शाफ्ट आणि चौकटही मोठी घ्यावी लागते, आणि मग ती हातगाडी राहत नाही. बेल्ट इतकाच ताणा की दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर दहा-बारा मिमी आत जाईल. या यंत्रात सगळ्यात आधी बेल्ट घसरला पाहिजे, कारण तो सगळ्यात स्वस्त आहे.

एचपीपेक्षा मोटारीचा प्रकार जास्त महत्त्वाचा आहे. सिंगल फेजमध्ये फक्त रनिंग कपॅसिटरवाली मोटार घेऊ नका. ती पंख्याला, लहान पंपाला ठीक. थांबलेल्या जागेवरून तिचा जोर फारच कमी असतो. रसवंतीत मोटार रोलरमध्ये अर्धा ऊस अडकलेला असतानाही सुरू व्हावी लागते. स्टार्टिंग आणि रनिंग असे दोन्ही कपॅसिटर असलेली, आतून स्विच सुटण्याचा टक असा आवाज येणारी मोटार मागा. दर दोन मिनिटांनी बंद-चालू करण्याची सवय मात्र मोडा. स्टार्टिंग कपॅसिटर तेवढ्या वेळा तापायला बनलेला नसतो, आणि भर उन्हात तो फुगून फुटतो.

तीस मीटर वायर

1 एचपी मोटार चालताना 6 अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना क्षणभर 30. तीस मीटर लांबीच्या 1 चौरस मिमी तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन 1.1 ओहमच्या जवळ अडथळा असतो, म्हणजे सुरू होताना 33 व्होल्ट वाटेतच जातात. मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. 230 चे 197 झाले की सुरुवातीचा जोर 73 टक्के उरतो. आणि उन्हाळ्यात दुपारी, म्हणजे तुमच्या धंद्याच्या ऐन वेळी, लाईनच मुळी 200 असली तर तो निम्म्यावर येतो. मोटार गुणगुणते, फिरत नाही, आणि सगळे म्हणतात मोटार लहान पडली. 2.5 चौरस मिमीची वायर टाका, तोटा 13 व्होल्टवर येतो. 2 एचपी मोटारीच्या जादा पैशांपेक्षा ही वायर स्वस्त पडते.

गाडीवर 10 अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी, मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरला लावलेला ओव्हरलोड, आणि वीज अंगातून किंवा जमिनीत गळू लागताच लाईन तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. ओली जमीन, ओले हात आणि स्टीलचं यंत्र असताना अर्थिंगशिवाय आणि आरसीसीबीशिवाय एक दिवसही चालवू नये. जनरेटरवर चालवायचं असेल तर चालू भाराकडे बघू नका, सुरू होण्याच्या धक्क्याकडे बघा. 1 एचपीला 3 केव्हीएच्या आसपासचा लागतो.

उलटं फिरवण्याचा स्विच

ऊस अडकला की लोक तो ओढून काढायला जातात. त्यासाठी रिव्हर्स स्विच हवाच, पण यात एक फसवी गोष्ट आहे. वर सांगितलेल्या प्रकारची मोटार फिरत असतानाच स्विच उलटा केला तर ती उलटी होत नाही, त्याच दिशेने फिरत राहते. आतला स्विच सुटलेला असल्याने स्टार्टिंग कपॅसिटर त्या वेळी जोडलेला नसतो, आणि नुसत्या रनिंग कपॅसिटरवरचा जोर दिशा उलटवायला अपुरा पडतो. आधी पूर्ण थांबवायची, टक आवाज ऐकायचा, मग उलटी. म्हणून मध्ये बंदची जागा असलेला स्विच घ्या आणि त्याशिवाय मांडीने किंवा गुडघ्याने दाबता येईल असं मोठं लाल बटण गाडीच्या पुढच्या कडेला लावा. हात रोलरमध्ये गेला तर दुसरा हात बटणापर्यंत पोचेलच असं नाही.

तीन फेजची 1 एचपी मोटार आणि सिंगल फेजवरून तिला तीन फेज देणारा, वेग आणि दिशा बदलणारा लहान व्हीएफडी बसवला तर सुरुवातीचा धक्का जातो, उलटं फिरवणं सोपं होतं आणि कपॅसिटर उरतच नाहीत. खर्च जास्त, आणि त्याला रस, वाफ, चिलटं यांपासून बंद डब्यात ठेवावं लागतं. पण लांब वायर आणि कमी व्होल्टेज अशी जागा असेल तर तो वसूल होतो.

ऊस घालायची नळी रोलरपासून किमान 300 मिमी लांब आणि तोंडाला 50 मिमीपेक्षा मोठी नको. दुहेरी चिपाड घालायला हे तोंड अपुरं वाटेल आणि ते काढून टाकायचा सल्ला कोणीतरी देईल. तसं करण्यापेक्षा चपटं, 50 बाय 90 मिमीचं तोंड करा आणि नळी 400 मिमी लांब घ्या. शेवटचा तुकडा रेटायला लाकडी दांडा गाडीला साखळीने बांधून ठेवा. ओढणी, मफलर, सैल बाही, बांगड्या यंत्रासमोर नकोत.

रोलर कशाचे

बिडाचे किंवा साध्या लोखंडाचे रोलर स्वस्त पडतात, पण उसाचा रस किंचित आंबट असतो आणि लोखंडाला लागला की काळपट पडतो. सकाळचा पहिला ग्लास काळा येतो तो त्यामुळेच. स्टेनलेस 304 घ्या. भरीव महाग वाटला तर 10 मिमी जाडीचा पाइप शाफ्टवर बसवून दोन्ही टोकं वेल्ड करतात. 5-6 मिमीचा पातळ पाइप दिला तर खाचा कापल्यावर त्यात काही उरत नाही आणि टोकाच्या वेल्डला तडा जातो. त्या तड्यातून रस आत शिरून आंबतो. रोलर बाहेरून धुतलेला असूनही दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आंबूस वास येत असेल तर वेल्डच्या कडेने भिंगातून बघा. तडा निघाला तर तो रोलर वरून पॉलिश करून चालवू नका. लेथवर टोक उघडून, आतून धुऊन, पुन्हा पूर्ण गोलाईने वेल्ड करून घ्यावं लागतं.

यंत्र हातात आलं की पहिल्या दिवशी दहा किलो ऊस दुहेरी घडीने सलग घालून बघा आणि मोटारीच्या वायरीला क्लॅम्प मीटर लावा. गाठीलाही आकडा मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरच्या आत राहिला, मोटारीच्या अंगावर तळहात काही सेकंद ठेवता आला आणि मुठीत पिळलेल्या चिपाडातून थेंब पडला नाही, तर वर्कशॉपवाल्याचे उरलेले पैसे देऊन टाका.